एकट्यानं बसून बघणाऱ्या मुलासाठी सहा मिनिटांचा व्हिडिओ पाठ: स्क्रिप्ट कशी लिहायची?

रानजाई
मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीला गणित शिकवते. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. जुलैत सुट्ट्या जाहीर होतात आणि मुलं आठ-आठ दिवस घरात. रेंज मिळते तेव्हा पालकांच्या फोनवर व्हिडिओ उतरवून घेतात, मग मूल एकटं बसून बघतं. शेजारी विचारायला कुणी नसतं.

विषय घेतला आहे १/२ + १/३. दरवर्षी निम्मा वर्ग उत्तर लिहितो २/५. वरचे वर मिळवायचे, खालचे खाली. मी अख्खी स्क्रिप्ट लिहिली, ६४० शब्द झाले, वाचायला सहा मिनिटं वीस सेकंद लागली. सुरुवात "नमस्कार मुलांनो", मग अपूर्णांकाची उजळणी, समच्छेद, लसावि, उदाहरण, शेवटी "समजलं का?"

रेकॉर्ड करून शेजारच्या मुलीला दाखवला. तिनं मन लावून पाहिला, मान डोलावली. मग तेच गणित घातलं तर तिनं २/५ लिहिलं. त्या दिवसापासून डोक्यात हेच घोळतंय. स्क्रिप्टमध्ये नक्की काय चुकलं? कुठं किती वेळ द्यायचा, पडद्यावर काय लिहायचं, हे कुणी केलं असेल तर सांगा.

हल्याळवाला
ताई, उत्तम विषय. मी पण चॅनेल काढायचं म्हणतोय. कॅमेरा कुठला वापरता? मोबाइलला रिंग लाइट लागतो का? आणि हजार सबस्क्रायबर व्हायला साधारण किती दिवस लागतात?

रानजाई
हल्याळवाला दादा, चॅनेलचं मला काहीच माहीत नाही हो. माझे बावीस विद्यार्थी आहेत, तेवढ्यांसाठीच आहे हे. फोन पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून वही वरून दाखवते.

निपाणीकर
सहा मिनिटं फार झाली. सहा मिनिटांच्या वर कुणी बघत नाही हे संशोधनात सिद्ध झालंय. तीन मिनिटांत बसवा. बोलायचा वेग वाढवा, मागे हलकं संगीत ठेवा. आणि प्रश्न विचारला की पडद्यावर १०, ९, ८ असे आकडे उलटे मोजत आणा. मुलं खिळून राहतात, आमच्या क्लासमध्ये करून बघितलंय.

कुंदाप्रेमी
तीन मिनिटांत आमच्या घरचं पोरगं वही शोधत बसलेलं असतं 😀

पाटी_पेन्सिल
मी काही वर्षं शैक्षणिक ध्वनिफिती आणि व्हिडिओंच्या स्क्रिप्ट लिहिल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी निपाणीकरांच्या सहा मिनिटांबद्दल. ते संशोधन खरं आहे, २०१४ चं. एडएक्सवरच्या जवळपास ६९ लाख वेळा पाहिलेल्या व्हिडिओंची नोंद तपासली होती आणि सहा मिनिटांपर्यंतचे व्हिडिओ लोक जास्त टिकून बघतात असं दिसलं. पण ते ऑनलाइन अभ्यासक्रमांचे विद्यार्थी, बहुतेक मोठी माणसं. मोजलं होतं ते किती वेळ बघितलं हे. आपल्या सहावीच्या मुलीनं पूर्ण बघितलाच होता की! तरी तिला गणित आलं नाही. म्हणजे लांबी ही इथली अडचण नव्हे.

रानजाई, तुमच्या ६४० शब्दांत मुलीनं पेन्सिल उचलावी अशी जागा एकही नाही. वर्गात तुम्ही प्रश्न विचारता, मग थांबता, कुणाची तरी वही बघता, चेहरा बघून पुन्हा सांगता. व्हिडिओत हे सगळं गळून पडतं आणि फक्त बोलणं उरतं. म्हणून मी उलटीकडून लिहितो. आधी कागदावर फक्त शांततेच्या जागा मांडतो. मूल कुठं काय करणार, त्याला किती सेकंद लागणार, पडद्यावर तेव्हा काय असणार. बोलणं त्याच्या मधल्या फटींत भरतो.

सेकंद ठरवताना अंदाजानं ठरवू नका. स्वतः सोडवून त्यावरूनही नको, आपण आठ सेकंदांत सोडवतो. वर्गातल्या सावकाश करणाऱ्या मुलासमोर घड्याळ घेऊन बसा आणि त्याला लागतो तो वेळ लिहा.

आणि दुसरी गोष्ट, जास्त महत्त्वाची. चुकीचं उत्तर कुठलं येणार हे तुम्हाला आधीच माहीत आहे, २/५. मग ते स्क्रिप्टमध्ये का नाही? मुलीनं २/५ लिहिलं आणि तुम्ही ५/६ सांगितलं, तर ती ५/६ उतरवून घेणार. तिच्या २/५ चं काय चुकलं ते कुणी सांगितलंच नाही.

मार्कंडेयकाठ
माझा अनुभव सांगतो. कोरोनात दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर धडे लागायचे. माझी मुलगी तेव्हा लहान, मोठ्या भावासोबत बसायची. टीव्हीवर बाई प्रश्न विचारायच्या आणि लगेच उत्तरही सांगायच्या. टीव्ही तर थांबवता येत नाही. आठ दिवसांनी तो म्हणाला, "पप्पा, उत्तर त्याच सांगतात, मी कशाला करू?" ते वाक्य मला अजून आठवतं.

उलट्या आकड्यांबद्दल एक सांगायचंय. दुसऱ्या एका ॲपमध्ये तसं होतं. मुलगी वहीकडे न बघता आकड्यांकडेच बघत बसायची. पाच-चार-तीन झालं की घाबरून काहीतरी लिहायची.

निपाणीकर
तुमच्या मुलीचं वेगळं असेल. आमच्याकडे चाळीस पोरांत तर मजा येते.

पाटी_पेन्सिल
चाळीस पोरांत येणारच, तिथं शर्यत असते. एकट्या मुलाला शर्यत कुणाशी? तरी वेळ चाललाय हे कळायला काहीतरी हवं हे मान्य. नाहीतर व्हिडिओ अडकला असं वाटून मूल पुढं ढकलतं. मी कडेला एक बारीक पट्टी हळूहळू रिकामी होताना दाखवतो, आकडे नाहीत. आणि वेळ संपला की एक हलकी घंटा, कारण मूल तेव्हा वहीत मान घालून असतं, पडद्याकडे बघत नसतं. पट्टीनंही काही मुलं बिचकतात, हे नाकारत नाही.

रानजाई
पाटी_पेन्सिल, तुम्ही म्हणालात ते वाचून रात्री झोप लागली नाही. खरंच पेन्सिल उचलायची जागाच नव्हती. पण एक विचारते. शांतता कशाला भरायची? "व्हिडिओ थांबव आणि सोडव" असं लिहिलं की झालं ना? ज्याला जितका वेळ लागेल तितका तो घेईल.

पाटी_पेन्सिल
मीही आधी तसंच करायचो. दोन गोष्टी आड आल्या. एक, मूल थांबवतच नाही. फोन आईचा असतो, तांब्याला टेकवलेला असतो, हात लावला की पडतो. दुसरी तुम्ही आत्ता करून बघा. व्हिडिओ थांबवा आणि फोन तसाच ठेवा. थोड्या वेळानं पडदा काळा होतो, कुलूप लागतं. व्हिडिओ चालू असताना तसं होत नाही. म्हणजे मूल सोडवत असताना प्रश्नच गायब, आणि फोन उघडायचा नंबर आईला माहीत, आई शेतावर.

म्हणून शांतता व्हिडिओतच चालू राहू द्यायची आणि सोबत "अजून वेळ हवा? थांबव" एवढं बारीक अक्षरात. मोठं गणित असेल तर आधी प्रश्न वहीत उतरवायला लावायचा, मग पडदा काळा झाला तरी बिघडत नाही.

थांबवल्यावर आणखी एक होतं. मधोमध त्रिकोण येतो आणि खाली सरकपट्टी येते. तुमची सूचना खाली लिहिलेली असेल तर ती नेमकी त्याच्याखाली झाकते. पडद्यावरच्या मजकुराची पाटी कायम वरच्या भागात ठेवा.

कुंदाप्रेमी
आत्ता करून बघितलं, खरंच झाकतंय! इतके दिवस लक्षात आलं नव्हतं.

आप्पा_गुरुजी
मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, येळ्ळूरकडचा. बाई, एवढा खटाटोप कशाला? मुलांना लसावि पक्का येत नाही म्हणून २/५ येतं. आधी लसावि घोटून घ्या. २ आणि ३ चा लसावि ६, मग ३/६ + २/६, मग ५/६. चार ओळींचं गणित आहे. आम्ही फळ्यावर पंचवीस गणितं घालायचो, एक चुकायचं नाही.

रानजाई
गुरुजी, तुम्ही म्हणता तसं वर्गात मीही करून घेते आणि तेव्हा येतं. महिन्यानं विचारलं की पुन्हा २/५. लसावि काढायला येतो त्यांना, पण इथं तो का काढायचा हे कळलेलं नसतं.

मी काल बसून नवीन लिहिलं. सगळं १२ सेंटिमीटरच्या एका रेघेवर आणलंय. १२ घेतले कारण त्याचे अर्धे ६, तिसरा भाग ४, पाव ३, सगळे पट्टीवर पूर्ण आकड्यावर येतात. बघा आणि झोडपा.

०:०० ते १:१०
आवाज: "वही, पेन्सिल, पट्टी जवळ घे. एक रेघ ओढ, बरोबर बारा सेंटिमीटर. ही रेघ म्हणजे आपली एक अख्खी वस्तू."
पाटी: १२ सेंमी रेघ ओढ
शांतता: ४० सेकंद, पडद्यावर माझा हात रेघ ओढताना

१:१० ते २:२०
आवाज: "आता एक अंदाज. अर्धा आणि एक तृतीयांश मिळून किती? तुला वाटतं ते लिही, चुकलं तरी राहू दे, खोडू नको."
पाटी: १/२ + १/३ = ?
शांतता: २० सेकंद
आवाज: "तुझं उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं आहे की लहान? दोन पंचमांश लिहिलं असेल तर थोडं थांब. बारा सेंटिमीटरचे दोन पंचमांश म्हणजे ४.८ सेंटिमीटर. अर्धी रेघ सहा सेंटिमीटर. अर्ध्यात आणखी काही मिळवलं, आणि झालं अर्ध्याहून कमी?"

२:२० ते ३:४५
आवाज: "मोजून बघू. शून्यापासून अर्धी रेघ रंगव. तिच्या पुढं एक तृतीयांश रंगव."
पाटी: अर्धी + तिसरा भाग रंगव
शांतता: ३० सेकंद
आवाज: "रंग कुठपर्यंत आला? दहापर्यंत. बारापैकी दहा."

३:४५ ते ५:००
आवाज: "दोन-दोन सेंटिमीटरवर खुणा कर. किती तुकडे झाले? अर्ध्यात किती तुकडे, तिसऱ्या भागात किती?"
पाटी: २-२ सेंमीवर खुणा, तुकडे मोज
शांतता: २० सेकंद
आवाज: "सहा सारखे तुकडे. अर्ध्यात तीन, तिसऱ्या भागात दोन. मिळून सहापैकी पाच. तुकडे सारखे झाले म्हणून मोजता आले."

५:०० ते ६:३०
आवाज: "आता तू एकट्यानं."
पाटी: १/४ + १/३ = ?
शांतता: ६० सेकंद
आवाज: उत्तर आणि तपासणी

एकूण शांतता १७० सेकंद. बोलायला ३ मिनिटं ४० सेकंद, म्हणजे माझ्या वेगानं जास्तीत जास्त साडेतीनशे शब्द बसतात. ६४० वरून इथवर यायला फार जड गेलं. उजळणीचा अख्खा परिच्छेद काढून टाकला.

पाटी_पेन्सिल
आता त्या मुलीला काम आहे. मुख्य जागा १:१० ची, तीच या पाठाचा प्राण आहे. "अर्ध्यात मिळवलं आणि अर्ध्याहून कमी झालं" हे तिचं तिला दिसतं, कुणी चूक म्हणायची गरज नाही. पण तिथं तुम्ही प्रश्न विचारून लगेच स्वतःच उत्तर देताय. "मोठं की लहान" नंतर दहा सेकंद थांबा. विचारल्यावर थांबायला आपल्याला फार जड जातं. रेकॉर्डिंगला तर पाच सेकंदही युगासारखे वाटतात.

बारीकसारीक दोन गोष्टी. "मुलांनो" काढून "तू" केलंत ते फार चांगलं झालं. पण मराठीत "तू" म्हटलं की थांबलास-थांबलीस, एकटा-एकटी येतं आणि अर्धा वर्ग बाहेर राहतो. तुमची बहुतेक वाक्यं ओढ, मोज, रंगव अशी आहेत, तिथं ही अडचण येत नाही. फक्त "एकट्यानं" हे मुलीला खटकेल, "आता हे तू स्वतः सोडव" असं करा.

दुसरं, शांततेत पाटी असेल तेव्हा तोंड बंद. पाटीवर जे आहे तेच आपण वाचून दाखवत राहिलो की मुलाला एकाच वेळी वाचावं लागतं आणि ऐकावं लागतं, दोन्ही अर्धवट होतात. एकदा बोला, मग पाटी आणा, मग गप्प.

आप्पा_गुरुजी
बाई, रेघ चांगली आहे, मान्य करतो. पण १/५ + १/३ आलं तर? बाराचे पाच भाग पट्टीवर नीट येत नाहीत. मग पोरगं प्रत्येक गणिताला पट्टी घेऊन बसणार काय? परीक्षेत वेळ पुरणार नाही.

रानजाई
तिथं १५ सेंटिमीटरची रेघ लागेल गुरुजी, आणि "पंधराच का" हा प्रश्न विचारला की लसावि आपोआप येतो. तो दुसरा व्हिडिओ करते. या पहिल्यात फक्त दोनच गोष्टी ठेवल्यात, २/५ होऊच शकत नाही आणि तुकडे सारखे लागतात.

आप्पा_गुरुजी
पंधराच का... हे बरंय. पण मग दुसरा व्हिडिओ लगेच दाखवा. मधे आठ दिवस गेले तर पट्टीचीच सवय लागेल, हे माझं मत कायम आहे.

हल्याळवाला
माझा प्रश्न बाजूला राहू दे, पण वाचतोय. आमच्याकडची बरीच पोरं घरी मराठी बोलतात आणि शाळा कन्नड. त्यांना चालेल का हे?

मार्कंडेयकाठ
चालेल की. कन्नडमध्येही अंश, छेद हेच शब्द आहेत, फक्त लसाविला ल.सा.अ. म्हणतात. माझी मुलगी कन्नड माध्यमात आहे, ती मराठीत सांगितलं तर गोंधळत नाही.

पाटी_पेन्सिल
त्यासाठी चित्र आणि आवाज वेगळे रेकॉर्ड करा. हात आणि रेघ एकदाच घ्यायची, आवाज दोन भाषांत. पाटीवर शब्द जितके कमी तितकं बदलायला सोपं. १/२ + १/३ = ? ला भाषाच नाही.

निपाणीकर
आणखी एक करा. सहा मिनिटांची एक फाइल करण्यापेक्षा पाच तुकडे पाच फाइली करून ग्रुपवर टाका. रेंज कमी असली तरी उतरतात.

कुंदाप्रेमी
आमच्या ग्रुपवर तसं केलं होतं एकानं. मधे तीन "गुड मॉर्निंग" आणि एक वाढदिवस आला. पोरानं चौथा तुकडा आधी बघितला आणि म्हणूलालाय, बाईंनी उत्तर आधीच सांगितलं!

रानजाई
निपाणीकर, रेकॉर्डिंगसाठी मात्र तुमचं म्हणणं उपयोगी पडतंय. परवा पत्र्यावर पावसाचा असा मारा झाला की चौथ्या भागाचा आवाज गेला. पाच भाग वेगळे होते म्हणून तेवढाच पहाटे साडेपाचला पुन्हा बोलले. जोडून एकच फाइल पाठवणार आहे. फाइल कमी रिझोल्यूशनला ठेवली तरी पाटीचे आकडे नीट दिसतायत. फोन दोन हात लांब ठेवून पाहिला.

पाटी_पेन्सिल
पाठवण्याआधी त्या मुलीला पुन्हा दाखवा. तुम्ही मागं बसा, एक शब्द बोलू नका. ती पडद्याकडे बघते की वहीकडे, आणि घंटा होते तेव्हा तिचा हात कुठं असतो, एवढंच लिहून ठेवा.

रानजाई
दाखवला. शेजारची मुलगी आणि तिचा चुलतभाऊ, दोघांना वेगवेगळं बसवलं.

पहिल्या रेघेला ४० सेकंद पुरले नाहीत. ओढायला वेळ लागत नाही, पट्टी दप्तरात शोधायला लागतो. म्हणून आता सुरुवातीची पंधरा सेकंद फक्त साहित्याचं चित्र आणि त्यानंतर व्हिडिओ सुरू.

१:१० ला मुलीनं २/५ च लिहिलं होतं. "मोठं की लहान" नंतरच्या दहा सेकंदांत तिनं पट्टी उचलली, रेघेवर ठेवली आणि थांबली. मी सांगितलं नव्हतं. मग २/५ भोवती तिनं एक गोल काढला. खोडू नको म्हटलं होतं म्हणून असेल. शेवटचं १/४ + १/३ तिनं ७/१२ आणलं. मला रडू आलं.

मुलाचं मात्र वेगळं झालं. रंगवून झाल्यावर त्यानं १०/१२ लिहिलं. बरोबरच आहे की ते, मीच म्हटलं होतं बारापैकी दहा. पुढं मी "सहापैकी पाच" म्हणाले, तेव्हा त्यानं १०/१२ वर काट मारली आणि ५/६ लिहिलं. मी मागं बसून बघत होते, बोलायचं नाही ठरलं होतं. बरोबर उत्तरावर त्यानं माझ्यामुळं काट मारली. चुकीचं उत्तर येणार हे धरून लिहिलं, दुसरं बरोबर उत्तर येईल हे सुचलंच नाही.

पाटी_पेन्सिल
हे मलाही वाचताना दिसलं नव्हतं. चौथ्या भागात एक वाक्य टाका: "१०/१२ लिहिलं असेल तर तेही बरोबर, दोन-दोन सेंटिमीटर मिळून एक तुकडा होतो ते बघ." रेघेवर दोन्ही खुणा एकाखाली एक दाखवा, पाटी १०/१२ = ५/६. वीस सेकंद वाढतील, वाढू द्या.

मार्कंडेयकाठ
रानजाई ताई, फाइल तयार झाली की मला पण द्या. धाकटी पण सहावीलाच आहे. कन्नडमधला आवाज आम्ही दोघं-तिघं मिळून बोलू, ती स्वतः बोलायला तयार आहे.

रानजाई
नक्की देते. चौथा भाग उद्या पहाटे पुन्हा बोलते, पाऊस उघडला तर.